ऑफर लेटरमध्ये '८ लाखांचे ईसॉप्स' लिहिलेत, हो म्हणू का? (नाशिक, स्टार्टअप)

रानमेवा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. सात वर्षांचा अनुभव, सध्या पुण्यात नोकरी, पगार १७ लाख. नाशिकच्याच एका स्टार्टअपची ऑफर आलीय. द्राक्ष निर्यातदारांसाठी सॉफ्टवेअर बनवतात, पंचवीसेक माणसं आहेत. घर गंगापूर रोडला, त्यामुळे आई आत्तापासूनच माझी खोली झाडायला लागलीय.

ऑफर अशी: पगार १४ लाख आणि ईसॉप्स ८ लाखांचे. एचआर म्हणते, "एकूण पॅकेज २२ लाखांचं आहे." पत्रात एवढंच आहे की ४,००० ऑप्शन्स, एक्झरसाइज प्राइस १० रुपये, चार वर्षांत वेस्ट होणार, म्हणजे हळूहळू माझ्या हक्काचे होणार, पहिल्या वर्षी क्लिफ, म्हणजे वर्ष भरेपर्यंत काहीच नाही, आणि पुढे दर तिमाहीला. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. हे ८ लाख खरंच ८ लाख असतात का? आणि टॅक्स कधी बसतो?

निवांत
खुर्ची घेऊन बसलोय. चहा कोण आणतंय?

सातपूरचा_फिटर
ताई, शेअर बाजारात सध्या पैसे घालू नका. माझ्या मेहुण्याने दोन आयपीओला अर्ज केले, एक लागला तो आपटला. पोस्टाची योजना बरी.

रानमेवा
काका, हे बाजारातले शेअर नाहीत हो. कंपनी पगाराच्या जोडीला देणार आहे, आणि कंपनी बाजारात नोंदलेलीही नाही.

सातपूरचा_फिटर
म्हणजे विकायचे कुठे?

निवांत
काका, तिच्या सगळ्या प्रश्नांचा बाप तुम्ही विचारलात.

कोरा_चहा
मी हिंजवडीत दोन स्टार्टअप केलेत, तेव्हा थोडं सांगतो. घाबरू नकोस. चार वर्षांत दरवर्षी १,००० ऑप्शन्स तुझे होणार. टॅक्स शेअर विकल्यावरच, त्याआधी काही नाही. ८ लाख चारने भाग, वर्षाला २ लाख. म्हणजे तुझं पॅकेज १६ लाख, २२ नाही. एचआर लोक चार वर्षांचा आकडा एका वर्षात टाकून मोठं दाखवतात, हे सगळीकडे चालतं. पण कंपनी चालली तर याच २ लाखांचे २० लाख होतील. माझा सल्ला, डोळे झाकून घे.

ताळेबंद
कोरा_चहा, १६ लाखांचं गणित बरोबर, टॅक्सचं साफ चूक. आणि या चुकीपायीच लोक अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते. (मूळची नाशिकरोडची. पुण्यात एका कंपनीत सेक्रेटरियलचं काम बघते, ईसॉपची कागदपत्रं रोज हाताखालून जातात.)

ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क. ऑप्शन्स मिळाले तेव्हा टॅक्स नाही, वेस्ट झाले तेव्हाही नाही. पण ज्या दिवशी १०-१० रुपये भरून तुम्ही ते शेअर आपल्या नावावर करता, म्हणजे एक्झरसाइज करता, त्या दिवशी पहिला टॅक्स लागतो. विकला नसला तरी. शेअरची त्या दिवशीची किंमत वजा तुम्ही भरलेले १० रुपये, हा फरक तुमच्या पगारात धरतात आणि कंपनी त्यावर टीडीएस कापते. दुसरा टॅक्स विकताना, त्यापुढे भाव जेवढा वाढला तेवढ्यावरच.

रानमेवा, तुझ्या आकड्यांत बघू. समज, दोन वर्षं झाली आणि तू नोकरी सोडलीस. २,००० ऑप्शन्स वेस्ट झालेत. शेअरची किंमत तेव्हा ३१० निघाली. तुला भरायचे २० हजार, आणि फरक ३०० गुणिले २,००० म्हणजे ६ लाख. हे ६ लाख तुझ्या हातात आलेले नाहीत, पण त्या वर्षीच्या पगारात मिळवले जाणार.

कोरा_चहा
अरे बापरे. म्हणजे ६ लाखांवर ३० टक्के आणि सेस, १ लाख ८७ हजार?

ताळेबंद
नाही, तेवढंही नाही. नव्या करप्रणालीत ३० टक्के २४ लाखांच्या वरच्या रकमेला लागतात. तिचा पगार १४ लाखच धरला तर ७५ हजारांची वजावट जाऊन करपात्र उरतात १३.२५ लाख. त्यावर ६ लाख चढले की १९.२५. म्हणजे या ६ लाखांतले पावणेतीन लाख १५ टक्क्यांत बसतात आणि सव्वातीन लाख २० टक्क्यांत. सेस धरून जादा टॅक्स १,१०,५०० रुपये. वर शेअरचे २० हजार. एकूण १,३०,५०० रोख जाणार, बदल्यात मिळणार असे शेअर जे सातपूरच्या काकांच्या प्रश्नाप्रमाणे विकायचे कुठे, ते माहीत नाही.

पण सोडून जिथे जाशील तिथे पगार २५ लाख असेल, आणि शेअर त्या आर्थिक वर्षात घेतलेस, तर कोरा_चहांचे ३० टक्केही खरे ठरू शकतात. कोणत्या वर्षात घेतेस यावर बराच फरक पडतो.

पिंपळगावकर
हे आमच्या बागेसारखंच झालं. व्यापारी बांधावर येऊन भाव बोलतो, माल अजून वेलीवर, रात्री गारपीट. फरक एवढाच की बोललेल्या भावावर आम्हाला कोणी टॅक्स लावत नाही.

निवांत
@पिंपळगावकर, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही, गप्प बसा. :)

पिंपळगावकर
गारपिटीचं काय ते बोला मग.

मीनलआत्या
माझ्या मुलाला पण ईसॉप आहेत, अमेरिकन कंपनीचे. त्याला तर दर तीन महिन्यांनी आपोआप जमा होतात आणि तो लगेच विकतो. पैसे भरावे वगैरे लागत नाहीत. तुम्ही उगाच घाबरवताय मुलीला.

ताळेबंद
आत्या, त्याचे बहुधा आरएसयू असतील आणि कंपनी तिकडच्या बाजारात नोंदलेली. त्यात विकत घ्यावं लागत नाही. शेअर जमा होतानाच टॅक्स लागतो आणि त्यातलेच काही विकून तो वळता करून घेतात. रानमेवाला तो रस्ता नाही. आणि हो, परदेशी शेअर नावावर असतील तर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरतो का, ते विचारा त्याला.

मीनलआत्या
विचारते. तो म्हणतो सीए बघतो सगळं. कुठल्या सीएला ते नाही सांगत.

दुसरी_शिफ्ट
अनुभव लिहितो, कंपनीचं नाव घेत नाही.

मी जूनमध्ये रुजू झालो. पत्रात ३,००० ऑप्शन्स, एक वर्षाचा क्लिफ. पुढल्या वर्षी जुलैमध्ये, तेरा महिने भरल्यावर, राजीनामा दिला. मनात हिशोब पक्का, ७५० ऑप्शन्स आपले. एचआरने मेलवर उत्तर दिलं, "शून्य." का? तर ऑफर लेटर म्हणजे नुसतं वचन. खरं ग्रँट लेटर बोर्डाच्या मंजुरीनंतर जानेवारीत आलं होतं आणि वर्ष तिथून मोजायचं होतं. ते पत्र पोर्टलवर पडलं होतं. मी 'ॲक्सेप्ट'चं बटण दाबून विसरलो होतो, तारीख बघितलीच नव्हती.

भांडलो. काही उपयोग झाला नाही.

ताळेबंद
आणि कंपनीला इच्छा असती तरी फार काही करता आलं नसतं. ग्रँट आणि पहिलं वेस्टिंग यांच्यात किमान एक वर्ष हवं, हे कंपनी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांतच आहे. म्हणजे ग्रँटला उशीर झाला की क्लिफ आपोआप पुढे सरकतो. रानमेवा, एचआरला पहिला प्रश्न हाच विचार: ग्रँट लेटर रुजू झाल्यावर किती दिवसांत येईल? पुढची बोर्ड मीटिंग कधी आहे ते सांगितलं तर उत्तर खरं. "येईल लवकरच" म्हणाले तर काय समजायचं ते समज.

रानमेवा
बाई गं. मला वाटलं होतं सही केली की झालं. पण मग नोकरी सोडताना शेअर घेतलेच नाहीत तर? थांबता नाही येत का, कंपनी मोठी होईपर्यंत?

दुसरी_शिफ्ट
माझी दुसरी गोष्ट ऐक मग. पुढच्या कंपनीत शहाणा झालो, अडीच वर्षं राहिलो, बरेच वेस्ट झाले. सोडताना कळलं की वेस्ट झालेले ऑप्शन्सही ९० दिवसांत घ्यायचे, नाहीतर रद्द. बरं, घेतो म्हटलं. तर म्हणाले, शेअरच्या किमतीचा दाखला जुना झालाय, नवा करून घेतोय, तोवर टीडीएस किती भरायचा ते सांगता येत नाही. त्यात चाळीसेक दिवस गेले. मग आकडा आला, आणि आता पगार बंद म्हणून टीडीएसची रक्कम मीच आधी कंपनीच्या खात्यात भरायची. बायकोला काय सांगणार, दीड लाख कशाचे भरतोय? निम्मेच घेतले, बाकीचे सोडून दिले.

निवांत
बायकोला काय सांगितलंस शेवटी?

दुसरी_शिफ्ट
एफडी केली म्हणून सांगितलंय. अजून मॅच्युअर व्हायचीय.

ताळेबंद
दाखल्याची भानगड खरी आहे. बाजारात न नोंदलेल्या शेअरची किंमत टॅक्ससाठी मर्चंट बँकर काढतो आणि त्या मूल्यांकनाची तारीख एक्झरसाइजच्या आधी १८० दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. पैसे वाचवायला छोट्या कंपन्या तो दाखला मागणी आल्यावरच काढतात.

९० दिवसांचं मात्र कायद्यात काही नाही. तो कंपनीच्या योजनेचा भाग. कुठे ३० दिवस, कुठे ९०, काही कंपन्या कैक वर्षं देतात. मुदत लांब असेल तर तुला रोखीचा खड्डा पडत नाही. कंपनी विकली जाईपर्यंत थांबायचं आणि त्याच दिवशी घेऊन विकायचं. म्हणून माझ्या मते ४,००० चे ५,००० करून मागण्यापेक्षा ही मुदत वाढवून मागणं जास्त मोलाचं.

कोरा_चहा
इथे मी थोडा वेगळा. योजना सगळ्यांना एकच असते, एका माणसासाठी कोण बदलतंय? त्यापेक्षा पगारात ५० हजार वाढवून माग, ते मिळतात. आणि एक सांगतो, स्टार्टअपना टॅक्स पाच वर्षं पुढे ढकलता येतो. २०२० च्या बजेटमध्ये आलंय. मग ती १ लाख १० हजारांची भीती कशाला?

ताळेबंद
ती सवलत आहे, पण दोन मेखा आहेत. नुसती सरकारी 'स्टार्टअप' नोंदणी पुरत नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचं ८०-आयएसीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते नोंदणी असलेल्यांपैकी थोड्याच कंपन्यांकडे असतं. दुसरं, ढकललेला टॅक्स शेअर विकलास तर किंवा *नोकरी सोडलीस* तर लगेच देय होतो. म्हणजे राजीनामा देताना, जेव्हा तुला त्याची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच छत्री मिटते.

मुदत एकट्यासाठी बदलत नाहीत हे बरंचसं खरं. पण काही योजनांत ती वाढवायचा अधिकार बोर्डाला दिलेला असतो. विचारायला काय जातं?

पिंपळगावकर
एक अडाणी प्रश्न. ते ८ लाख आले कुठून मुळात? ४,००० गुणिले २०० म्हणजे ८ लाख. हा २०० कोणी ठरवला?

ताळेबंद
अडाणी कसला, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. (सातपूरकर काका, तुमचा दोन नंबरवर गेला.) २०० हा बहुधा शेवटच्या फेरीत गुंतवणूकदाराने दिलेला भाव असणार. पण त्याचे शेअर वेगळे, प्रेफरन्सचे. कंपनी विकली तर आधी त्याचे पैसे सुटतात, मग बाकीच्यांचे. तुला मिळणार साधे इक्विटी शेअर. त्यांची किंमत मर्चंट बँकर २०० पेक्षा कमीही काढू शकतो. शिवाय १० रुपये तू भरणार आहेस, तेही ८ लाखांतून वजा केलेले दिसत नाहीत.

समज, कंपनीचे सगळे मिळून २० लाख शेअर आहेत, त्यातले ८ लाख गुंतवणूकदारांचे आणि त्यांनी एकूण १२ कोटी घातलेत. उद्या कंपनी १८ कोटींना विकली. साधा भागाकार केला तर शेअरला ९० रुपये. पण गुंतवणूकदार आपले १२ कोटी आधी उचलतील, कारण ४० टक्के हिश्शाने घेतलं तर त्यांना ७.२० कोटीच मिळतात. उरले ६ कोटी, ते १२ लाख शेअरमध्ये. तुझ्या वाट्याला ५० रुपये. पेपरात मात्र बातमी येईल, 'नाशिकच्या स्टार्टअपची १८ कोटींना विक्री'.

सातपूरचा_फिटर
आमच्या कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा बँक आधी, मग देणेकरी, आम्ही शेवटी. हेच ना?

ताळेबंद
काका, अगदी तेच. फक्त इथे दिवाळं न निघताही रांग तशीच लागते.

कोरा_चहा
आणि तिने ३१० ला टॅक्स भरून शेअर घेतले आणि पुढे ५० च मिळाले, तर टॅक्स परत मिळतो का?

ताळेबंद
नाही. पगारावरचा टॅक्स गेला तो गेला. शेअरमागे २६० रुपयांचा तोटा भांडवली तोटा म्हणून दाखवता येतो. तो पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून, आणि आठ वर्षं पुढे ओढता येतो. तिला इतर कुठून तसा नफाच नसेल तर तो तोटा कागदावरच राहणार.

उलटंही सांगते, नाहीतर मी नुसती रडकी वाटेन. दोन वर्षांहून जास्त शेअर ठेवले आणि ६०० ला विकले, तर २९० च्या वाढीवर साडेबारा टक्के. २,००० शेअरवर नफा ५,८०,००० आणि टॅक्स सेससकट ७५,४००. बाजारातल्या शेअरना सव्वा लाखाची सूट मिळते ती इथे नाही. तरी हे दिवस आले तर मला मिसळ खिलव.

निवांत
मिसळ कुठली यावर वेगळा धागा काढा, हा बंद पडेल.

पिंपळगावकर
काळा रस्सा. विषय संपला.

मीनलआत्या
विषय संपला कसा? पापड कुठे आहे?

रानमेवा
मिसळ नंतर. आज एचआरशी बोलले. उत्तरं अशी आली.

एकूण शेअर विचारले तर म्हणाली, "ही माहिती गोपनीय आहे." मी म्हटलं, मग ४,००० पैकी किती ते मला कसं कळणार? तासाभराने संस्थापकांचाच फोन. २१ लाखांच्या आसपास, न वाटलेले ऑप्शन्स धरून. २०० हा खरंच गुंतवणूकदारांचा भाव, मर्चंट बँकरचा दाखला अजून काढलेलाच नाही कारण कोणी एक्झरसाइज केलेलं नाही. ८०-आयएसी नाही, 'अर्ज करायचा आहे'. सोडल्यावर मुदत ९० दिवस. योजनेची प्रत रुजू झाल्यावर मिळेल म्हणाले, मी आधी मागितली, 'बघतो' म्हणाले. ग्रँटची तारीख विचारली तर पुढच्या तिमाहीची बोर्ड मीटिंग.

ताळेबंद
संस्थापकाने स्वतः फोन करून आकडा सांगितला, ही जमेची बाजू. ४,००० भागिले २१ लाख, साधारण ०.१९ टक्के. पुढच्या फेरीत नवे शेअर निघाले की अजून खाली. प्रत मात्र सहीआधीच घे, त्यात गोपनीय काही नसतं. आणि नोकरीवरून काढलं तर वेस्ट झालेल्यांचं काय होतं, ते कलम आधी वाच. 'कारणासह' काढलं की सगळंच रद्द, असं बऱ्याच ठिकाणी लिहितात आणि ते 'कारण' कधीकधी फार ऐसपैस असतं.

दुसरी_शिफ्ट
ईसॉप शून्य धर आणि मग ठरव. ३ लाख वर्षाला कमी म्हणजे चार वर्षांत १२ लाख सोडून ८ लाखांची चिठ्ठी घेणार का?

रानमेवा
शून्य धरूनच मांडलं दादा. ३ लाख कमी, पण त्यावरचा टॅक्सही वाचतो, सुमारे ४८ हजार. म्हणजे हातात वर्षाला अडीच लाख कमी. पुण्यातलं भाडं महिना २२ हजार, वर्षाला २ लाख ६४ हजार. ते सुटणार.

कोरा_चहा
मग ईसॉपशिवायच जमतंय की! उगाच एवढा धागा.

दुसरी_शिफ्ट
आईच्या घरी राहण्याचा हिशोब पगारात धरायचा नसतो. उद्या लग्न झालं, पुन्हा भाडं आलं तर? पगार मात्र १४ वरूनच वाढणार, पुढची कंपनी शेवटचा पगार विचारते.

रानमेवा
हे मात्र डोक्यात नव्हतं.

सातपूरचा_फिटर
पोरी, माझा एकच प्रश्न. ते द्राक्षवाले पैसे देतात का त्यांना? गिऱ्हाईक आहे का?

पिंपळगावकर
त्यांचं सॉफ्टवेअर असेल ते, तर आमच्या पॅकहाउसला दोन हंगाम वापरलं. बरं आहे. पहिल्या वर्षी फुकट होतं, दुसऱ्या वर्षी पैसे मागितले, तर निम्म्या लोकांनी सोडलं. व्यनि करतो, नाव तेच का बघ.

रानमेवा
व्यनि बघितला. तेच.

निवांत
आता चहा खरंच आणा कोणीतरी.

रानमेवा
सोमवारऐवजी गुरुवारपर्यंत मुदत मागितली, दिली त्यांनी. योजनेची प्रत मेलवर आलीय, सतरा पानं. आठव्या पानावर 'बोर्डाला योग्य वाटल्यास मुदत वाढवता येईल' असं आहे. ताळेबंद ताई, 'कारणासह'चं कलम व्यनिमध्ये पाठवते, जरा बघाल?

ताळेबंद
पाठव. रात्री बघते, आज आमच्याकडे पण बोर्ड मीटिंग आहे.